पाहू, विचारू, कळवू

घाटावरच्या आणि घाटाखालच्या तमाम सोयऱ्याधायऱ्यांस, तसेच ज्यांनी माझ्या लग्नात जेवून वर पान खाल्ले त्या सर्वांस जाहीर करण्यात येते की, हे लग्न पत्रिका पाहून जमले नव्हते. गुण जुळले नव्हते. मुलगी मी पाहिली नव्हती. हे लग्न जमले ते मोटारीचे दोन दिवे, पाहुण्यांची तंबाखू आणि पुढच्या मोटारीच्या मागे सोडलेली मोकळी जागा यांच्यामुळे. गेली कित्येक वर्षे याचे श्रेय भटजी घेत आहेत. त्यांना ते परत करावे लागेल.

आमचा जिल्हा तेव्हा सीपी-वऱ्हाडात होता. मी बुलढाणा ते मलकापूर अशी सर्व्हिस मोटार चालवत असे. मोटार म्हणजे लॉरीच्या सांगाड्यावर सुताराने बसवलेली लाकडी खोली. बाजूला ताडपत्रीचे पडदे, समोर एक काच, काचेवर हाताने फिरवायचा वायपर, पुढे दोन मोठे दिवे, मागे एक लहान लाल. संध्याकाळच्या गाडीचे उतारू मलकापूर स्टेशनला पोहोचवायचे, हे काम. मधे राजूरचा घाट.

मला लहानपणापासून वाढवले ते आत्याने, आणि आता लग्न लावून देणे तिच्याकडेच होते. त्यात अडचण अशी की, मोटार हाकणारा माणूस सरासरी फार दिवस टिकत नाही, असे आमच्या भागातल्या मुलींच्या बापांचे मत होते. दोन बापांनी चहा पिऊन नकार दिला होता. एकाने चहाही घेतला नाही. चौथे हे घाटाखालचे पाहुणे. मोताळ्याच्या अलीकडे त्यांची शेती होती आणि कापूस वाहून नेणाऱ्या बैलगाड्यांचा मोठा तांडा होता. माणूस रुंद, मिशा रुंद, आवाज त्याहून रुंद. आमच्या घरी बसून त्यांनी सगळे पाहिले, सगळे खाल्ले, आणि आत्याने "मग काय म्हणता?" असे विचारताच म्हणाले,

"पाहू, विचारू, कळवू."

आत्याचा चेहरा उतरला. आषाढी एकादशी तोंडावर आली होती. ती झाली की चार महिने लग्नाची गोष्ट बंद. तोवर घाटाखाली त्या मुलीला तीन दुकानदार आणि एक मास्तर सांगून आले असते. आत्या मला आत बोलावून कुजबुजली, "याच्या तोंडातून जवाई हा शबुद आज निंगाला पायजे. उद्या नाई निंगनार."

तेवढ्यात बाहेरून आवाज आला, "डायवर, तुही मोटार कवा सुटते? मी तुह्याच मोटारीनं जातो. पाहू दे तुहं काम."

म्हणजे त्या संध्याकाळी मुलगा पाहण्याचा कार्यक्रम घाटात होणार होता. आत्या म्हणाली, मीही येते. मी म्हटले, कशाला? ती म्हणाली, "तू नीट बोलशील याचा मले भरोसा नाई."

पाहुणे माझ्या शेजारी बसले. आत्या मागच्या पहिल्या बाकावर, पण डोके आमच्या दोघांच्या मधे. त्यांना हाक काय मारावी हा माझ्यापुढे प्रश्न होता. मामा म्हटले तर लग्न ठरले असा अर्थ झाला असता, दादा म्हटले तर नाते भलतीकडेच गेले असते. म्हणून मी त्यांना पाहुणे म्हणत होतो. ते मला डायवर म्हणत होते. दोघेही सावध होतो.

सुटतानाच पाऊस कोसळत होता. संध्याकाळ व्हायची होती, पण उजेड मळकट झाला होता. मी मोटारीचे दिवे लावले.

"दिवसा दिवे?" पाहुणे म्हणाले. "बॅटरी सासऱ्याची हाय काय?"

"अजून नाही," मी म्हणालो. मागून आत्याने माझ्या पाठीत बोट खुपसले.

"तुले दिसत नाई काय?"

"मला दिसतंय. समोरच्याला मी दिसावा म्हणून लावले."

यावर त्यांनी मिशीवरून हात फिरवला. एवढ्या पावसात करड्या रंगाची मोटार म्हणजे पावसाचाच एक जाड तुकडा. समोरून येणाऱ्याला तो ऐन नाकाशी आल्यावर कळतो. हे मी सांगणार होतो, पण काचेने काम काढले. वायपर एका हाताने फिरवायचा, दुसऱ्या हाताने चाक धरायचे, आणि एवढे करूनही काचेवर पाण्याचे थेंब मोहरीसारखे चिकटलेले. मी म्हणालो, "पाहुणे, तंबाखू आहे?"

त्यांनी मोठ्या आपुलकीने बटवा पुढे केला. मी मोटार कडेला उभी केली, त्यातली चांगली चिमूटभर घेतली, खाली उतरलो आणि ओल्या काचेवर घासली. हा आमच्या धंद्यातला इलाज आहे. तंबाखू घासली की पाण्याचे थेंब न होता सपाट पातळ पडदा होतो आणि पलीकडचे दिसते. तेवढ्यात दिव्यांच्या काचांवरचा चिखलही धोतराच्या बोळ्याने पुसून घेतला. परत येऊन बसलो तो पाहुणे बटव्यात पाहत होते.

"खास जळगावाहून आनली होती," ते म्हणाले.

"काच पाहा किती स्वच्छ झाली."

"काचीले काय चव समजते बे?"

माझ्या हिशेबात इथे लग्न मोडले होते.

आमच्या पुढे आमच्याच मोटारमालकाची दुसरी मोटार होती. ती चालवणारा माझा दोस्त. त्याला सगळे 'पुढचा' म्हणत, कारण तो कायम पुढेच असे. पुढच्याची मोटार पाण्याचे फवारे उडवत चालली होती आणि मी तिच्यापासून बराच मागे होतो. पाहुण्यांना ते पाहवेना.

"डायवर, लांब काऊन राह्यला?"

मी तोंडातल्या तोंडात काही म्हणत होतो. रस्त्याकडेला चुन्याने रंगवलेले दगड असतात. पुढच्याची मोटार एखाद्या दगडाजवळून गेली की मी मनात एक वाक्य म्हणायला सुरुवात करायचो. वाक्य संपायच्या आत माझी मोटार त्याच दगडाशी पोहोचली, तर मी फार जवळ आहे. कोरड्या रस्त्यावर वाक्य एकदा म्हणायचे. पावसात सावकाश दोनदा, कारण ओल्या रस्त्यावर चाक थांबले तरी मोटार थांबतेच असे नाही. पूर्वी मी यासाठी देवाचे नाव घेत असे. त्या दिवशी नवे वाक्य सापडले होते.

"काय पुटपुटतं हे पोरगं?" पाहुण्यांनी आत्याला विचारले.

आत्या म्हणाली, "जप करते. लय भाविक हाय."

मी पुटपुटत होतो, "पाहू, विचारू, कळवू. पाहू, विचारू, कळवू."

मग पाहुण्यांनी मला गाड्यांचा तांडा कसा हाकतात ते शिकवले. हे शास्त्र त्यांनी स्वतः बसवलेले होते आणि त्याचा त्यांना अभिमान होता. रात्रीच्या वाटेला वीस गाड्या असोत की तीस, कंदील फक्त पहिल्या गाडीला. तिच्या मागच्या बाजूला कडब्याची पेंढी बांधायची. दुसऱ्या गाडीचे बैल त्या कडब्यात तोंड घालून चालतात. तिसऱ्या गाडीचे दुसरीच्या कडब्यात. असे शेवटपर्यंत. एक माणूस जागा, बाकी सगळे झोपलेले. बैलाला हाकावे लागत नाही, वाट दाखवावी लागत नाही, आणि मधे उंदीर शिरेल एवढी फट राहत नाही.

"फट ठेवली का मानूस रस्ता चुकते," ते म्हणाले. "थो पाह्य समोरचा. कसा जाते! त्याच्या मांगं तोंड लाव. थो जाते तसं जा."

"माझ्या मोटारीला कडबा चालत नाही," मी म्हणालो.

पुन्हा पाठीत बोट.

घाटाच्या माथ्यावर पोहोचेपर्यंत अंधार पडला. पाऊस ओसरला, आणि बरे वाटणार इतक्यात ढग रस्त्यावर येऊन बसला. बुलढाण्याकडे पावसाळ्यात धुके असे येते की जणू कोणी ओले घोंगडे मोटारीवर टाकले. मी तिथेच खालचा गिअर टाकला. ज्या गिअरात चढतो त्याच गिअरात उतरायचे, म्हणजे मोटार इंजिनच धरून ठेवते आणि ब्रेकला दम खायला मिळतो. मग पायाखालचे बटण दाबले. दिव्यांचा झोत लांबून खाली आला, चाकांच्या पुढ्यात.

पाहुणे ताठ झाले. "दिवा मंदावला!"

लग्नाच्या बोलण्याला निघालेल्या माणसांसमोर दिवा मंदावणे म्हणजे काय, हे मागच्या बाकांवरच्या उतारूंनाही कळत होते. एका म्हातारीने "अरे देवा" म्हटले. पाहुणे हळू आवाजात आत्याला म्हणाले, "बाई, हे लक्षन काई बरं नाई."

"मंदावला नाही," मी म्हणालो. "मी खाली केलाय. धुक्यात लांबचा झोत टाकला की धुकंच उजळतं, रस्ता नाही."

"ज्यास्त उजेडानं कमी दिसते? मले शिकवतो? कर मोठा!"

आता या माणसाकडे मुलगी मागायची होती. मी बटण पुन्हा दाबले.

समोर पांढरी भिंत उभी राहिली. अगदी चुना दिल्यासारखी. रस्ता नाही, दगड नाहीत, डोंगर नाही, दरी नाही. मोटार जवळजवळ जागच्या जागी आणली, कारण जेवढे दिसते तेवढ्यात थांबता आले पाहिजे, आणि आम्हाला फक्त आमच्याच इंजिनावरचे झाकण दिसत होते.

"काई दिसत नाई," पाहुणे म्हणाले.

"म्हणूनच," मी म्हणालो.

इथे आत्याचा धीर सुटला. दिवा कमी व्हायला हवा हे तिला कळले होते. पण दिवा कमी कर, विझव, मालव असले शब्द आमच्या घरात कोणी उच्चारत नसे. बांगडी फुटली तर ती वाढवली म्हणायचे, कुंकू पुसले म्हणायचे नाही, आणि दिवा घालवायचा असला तर म्हणायचे दिवा वाढव. त्यात आज तर सोयरिकीची गोष्ट. ती माझ्या कानाशी ओरडली, "दिवा वाढव रे! लवकर वाढव!"

"हाव! वाढव!" पाहुणेही ओरडले. "बाई बरोबर सांगून राह्यली!"

त्या दिवसात दोघांचे पहिल्यांदा एकमत झाले होते. फक्त एकीला दिवा कमी करून हवा होता आणि दुसऱ्याला आणखी मोठा. मी आत्याच्या मनातले ऐकले आणि बटण दाबून झोत खाली आणला. पांढरी भिंत गेली. दरीच्या कडेचा चुन्याचा दगड दिसला, त्याच्या पुढचा अर्धा दिसला. मग मी एका दगडावरून दुसऱ्या दगडावर असा निघालो, दुसरा दिसल्याशिवाय पहिला सोडायचा नाही.

पाहुणे आत्याला म्हणाले, "पाहिलं? वाढवला तवा दिसलं."

आत्या म्हणाली, "हाव, भाऊ."

थोडे खाली गेल्यावर पुढच्याचा लाल दिवा धुक्यात लुकलुकला. त्याला पाहून पाहुण्यांच्या जिवात जीव आला.

"थो पाह्य! पकड त्याले. आता त्याच्या मांगं मांगं चाल, काई पाहाची गरज नाई."

मला ही भुरळ ठाऊक आहे. धुक्यात लाल दिवा दिसला की चालवणाऱ्याला वाटते, आई भेटली. पाय आपोआप जोर धरतो, अंतर मिटत जाते, आणि मग तो लाल दिवाच दिसतो, रस्ता पाहायचे माणूस विसरतो. मी पाय सैल सोडला. लाल दिवा फिका झाला आणि गेला.

"हरपला ना!" पाहुणे कळवळले. "काऊन सोडला?"

"पाहुणे, तो दिवा मला फक्त तो कुठे आहे ते सांगतो. रस्ता कुठे आहे ते सांगत नाही. तो दरीत गेला, तर मीही अगदी बरोबर त्याच्या मागे जाईन."

"अशुभ बोलू नको बे."

वळणापाशी वरून ओढ्याचे पाणी रस्त्यावरून वाहत होते. मी अगदी हळू त्यातून काढली. पलीकडे गेल्यावर चालत्या मोटारीतच ब्रेकवर हलका पाय ठेवून थोडे अंतर गेलो. पाण्यातून आलेला ब्रेक भिजतो आणि भिजलेला ब्रेक धरत नाही. असा घासत नेला की तो तापून कोरडा होतो. पण आत बसणाऱ्याला मोटार उचक्या देत चालल्यासारखे वाटते.

"आता हे काय?"

"ब्रेक वाळवतोय."

पाहुण्यांनी मागे वळून आत्याकडे पाहिले. त्या पाहण्यात नकार पूर्ण लिहिलेला होता. फक्त सही राहिली होती. तांडा हाकणारा, रात्री जागणारा, समोरच्यापासून मागे न पडणारा जावई त्यांना हवा होता. दिवसा दिवे लावणारा, काचेला तंबाखू खाऊ घालणारा, ब्रेक वाळवणारा नव्हे. आत्याचे तोंड एवढेसे झाले. मी मनातल्या मनात त्या तीन दुकानदारांना आणि मास्तरला शुभेच्छा दिल्या.

आणि खालून आवाज आला. आधी पुढच्याचा भोंगा, लांब, ओढलेला. मग चाकांची किंचाळी. मग लाकूड मोडल्याचा, आणि मग बैलांचा.

माझा पाय ब्रेकवर गेला. चाके थांबली, पण ओल्या उतारावर मोटार थांबली नाही. मागची बाजू दरीकडे सरकू लागली. मी ब्रेक सोडला.

"सोडला काऊन!" पाहुणे किंचाळले.

चाके पुन्हा फिरली, मोटार सरळ झाली, मी पुन्हा दाबला, सोडला, दाबला. थोडी सरकली, थोडी थांबली, आणि मग खरोखरच थांबली. मी हातब्रेक ओढला. समोर धुक्यात लाल दिवा दिसत होता. तो तिरपा होता.

क्लीनर आमचा वयस्क माणूस होता, कायम झोपेत. पण त्याला न सांगता कळले. कंदील घेऊन तो मागे वळणापलीकडे जाऊन उभा राहिला, म्हणजे वरून आणखी कोणी आला तर त्याला आम्ही आधी दिसावे. पाहुण्यांनी दुसरा कंदील उचलला आणि उतरले. मी त्यांच्या मागे.

पुढच्याची मोटार डोंगराच्या बाजूच्या चारीत एक चाक घालून आडवी उभी होती. चाकावरचा चिखलपंखा वाकलेला. आत सगळे शाबूत, फक्त बोलत सगळे एकदम होते. पुढचा रस्त्यावर उभा राहून बिडी पेटवायचा प्रयत्न करत होता आणि काडी उलटी घासत होता. तिच्या पुढे बैलगाड्यांचा तांडा. पहिल्या गाडीपुढे दरडीतला मोठा दगड आला होता, ती थांबली, आणि मग एकेक गाडी पुढचीवर जाऊन आदळली होती. एका बैलाची शिंगे पुढच्या गाडीच्या कडब्यात अडकली होती आणि तो तशातही खात होता. गाडीवाले आत्ताच जागे झाले होते. कंदील फक्त पहिल्या गाडीला. सर्वांत मागच्या गाडीला दिवा नाही, आणि पुढच्याने ती पाहिली तेव्हा ती पाहण्यात अर्थ उरला नव्हता.

गाड्या पाहुण्यांच्या नव्हत्या. पद्धत त्यांची होती.

पाहुणे कंदील घेऊन गाड्यांच्या कडेने गेले. कडब्यात तोंड घातलेल्या बैलाकडे पाहिले. वाकलेल्या पंख्याकडे पाहिले. मग वळले आणि पुढच्याच्या तिरप्या लाल दिव्यापासून आमच्या मोटारीच्या नाकापर्यंतची रिकामी जागा कंदील वर करून पाहिली. त्या जागेत जुंपलेली बैलगाडी बैलांसकट वळवता आली असती. असल्या वेळी बोलणे हा माझा स्वभाव आहे, पण आत्याचे बोट पाठीला अजून आठवत होते.

मग सगळ्यांनी मिळून दगड ढकलला, गाड्या एकेक करून डोंगराच्या बाजूला लावल्या, पुढच्याची मोटार चारीतून वर काढली. पाहुण्यांनी त्यात खांदा दिला. गाडीवाल्यांना त्यांनी अशा शिव्या दिल्या की बैल खायचे थांबले, आणि शेवटच्या गाडीमागे आमचा तिसरा कंदील स्वतःच्या हाताने बांधला. परत येऊन शेजारी बसले तेव्हा त्यांची मिशी ओली होती आणि खाली वळली होती. आत्याने मागून विचारले, "मंग भाऊ, काय म्हणता?"

पाहुण्यांनी तोंड उघडले. ते पाहू म्हणणार होते, हे मला त्यांच्या ओठांवरून दिसत होते.

पुढच्याने हँडल मारले, मोटार सुरू केली आणि निघाला. अजूनही त्याला पुढेच जायचे होते. क्लीनर कंदील घेऊन धावत आला आणि मागे चढला. मी गिअर टाकला आणि हातब्रेक सैल केला. लाल दिवा अजून ठळक दिसत होता. मोटार जेमतेम चाकभर हलली असेल, तोच पाहुण्यांनी दोन्ही हातांनी माझा दंड पकडला आणि सगळ्या मोटारीला ऐकू जाईल असे ओरडले,

"थांबा ना जवाईबापू, त्याले अजून समोर जाऊ द्या!"